चेनवरचं तेल

मे महिन्यात, मंगळवारी सकाळी, माझा नवरा वारला. सायकल पार्किंगमध्ये होती.

सायकल त्याची. बॅटरीची, मागच्या चाकात मोटर असलेली. कळंब्याच्या आमच्या घरून तो ती रोज कामाला न्यायचा आणि रविवारी विनाकारण न्यायचा. मी शाहूपुरीत एका वाचनालयात काम करते. कामावर परत जायचं ठरलं तेव्हा पहिले दोन दिवस रिक्षाने गेले. रिक्षावाला ओळखीचा होता. आरशात बघून तो दर सिग्नलला उसासा सोडायचा. तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली. सायकलवर बसलेल्या बाईला कोणी थांबवून सांत्वन करत नाही, हा सायकलचा मोठाच गुण.

माझ्या दिरांना हे पसंत नव्हतं. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, आवाज त्याला शोभेसा.

"वैनी, पावसाळा तोंडावर आलाय. रस्ते कसले हायत बघताय न्हवं? विकून टाकू ती. मी सोडतो की तुमाला गाडीवरनं."

"रोज?"

"रोज."

"आणि तुमचं वर्कशॉप कोण उघडणार?"

मग ठरलं असं: गणपतीपर्यंत मी चालवायची. मध्ये सायकलने दगा दिला तर विकायची, आणि तेव्हा मी एक शब्द काढायचा नाही. मी हो म्हटलं. ती सायकल गेली असती तर त्याचं रोजचं म्हणावं असं काहीच घरात उरलं नसतं. कपडे कपाटात असतात, पण कपडे कुठे जात नाहीत.

जुलैत झड लागली आणि चेन बोलायला लागली. आधी बारीक, मग अशी की वाटेतल्या संभाजीनगर स्टँडवर बसची वाट बघणारे वळून बघत. कारण साधं होतं. चेनवर त्याने उन्हाळ्यातलं तेल घातलेलं होतं. ते पातळ असतं, घातल्यावर वाळतं आणि मेणासारखा थर मागे ठेवतं. धूळ त्याला चिकटत नाही, म्हणून कोरड्या दिवसांत उत्तम. पावसात मात्र ते हळूहळू धुऊन जातं. दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी तो चेन स्वच्छ करून पावसाळी तेल घालायचा, दाट, पाण्याला दाद न देणारं. यंदा ते राहिलं.

मला हे ठाऊक होतं. इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं होतं. पण चेन पुसायची म्हणजे त्याच्या हातचा शेवटचा थर पुसायचा. ते माझ्याने होईना.

दीर रविवारी आले ते पाण्याच्या बाटलीत वर्कशॉपचं मशीनचं तेल घेऊनच. मधासारखं दाट.

"आधी डिझेलनं धुऊन काढू."

"धुवायचं नाही. वरूनच घाला."

"वरनं? अवो, खाली घाण हाय."

"असू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी थोरली वहिनी म्हणून वाद घातला नाही. मात्र आमच्याकडे काही घालायचं म्हटलं की हात आखडता घेत नाहीत. मिसळीवर कट ओतावा तसं त्यांनी तेल ओतलं. चेन न्हाली. फरशीवरही थारोळं झालं. आवाज जागच्या जागी बंद झाला आणि दोघांनाही आपण बरोबर होतो असं वाटलं.

आठवडाभर सायकल गप्प होती. मग पायडल जड झालं. जुन्या थरामुळे नवं तेल कड्यांच्या आत नीट गेलंच नव्हतं. ते बाहेरच राहिलं, आणि रस्त्यावरची वाळू, चिखल, जे असेल ते गोळा करत बसलं. सलवारीचा उजवा पाय रोज काळा व्हायचा. एका सकाळी मिरजकर तिकटीच्या चौकात चेन उतरली. भर पावसात, रेनकोटमध्ये, मी ती हाताने परत बसवली. पण पाय मारला की ती कचकन दाते सोडायची. मोटर मागच्या चाकात असल्याने तिला चेन लागत नाही. तेव्हा पाय न हलवता, नुसतं हँडलचं अॅक्सिलेटर पिळत, मी शाहूपुरीतल्या सायकलच्या दुकानापर्यंत गेले.

दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचे. त्यांनी चेनवरनं बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"ताई, ही चेन हाय का मिसळ?"

मला हसू आलं. मे महिन्यानंतर प्रथमच, बहुतेक.

"कट जास्त झाला," मी म्हटलं.

"जास्त? वाटीभर फरसाण टाकलं तर चालंल की."

त्यांनी पट्टीसारखं मापक चेनमध्ये अडकवून बघितलं. चेन झिजून लांबीला वाढली असती तर बदलावी लागली असती, सोबत दातेही बदलावे लागले असते, आणि दिरांना दुसरं काय हवं होतं.

"वाढलेली न्हाय. दोन-चार कड्या आवळल्यात घाणीनं. पर असंच चालवलं तर वाळू तासून काढंल तिला. धुवायला लागतंय. मी धुऊ?"

"नको," मी म्हटलं. "मी घरी धुते."

दुपारी दिरांना न सांगता, मुकाट्याने, सायकल रिक्षातून घरी आणली. रिक्षावाल्यानेही उसासे आवरले. बहुतेक सायकल अर्धी त्याच्या मांडीवर होती म्हणून.

पार्किंगमध्ये बॅटरी काढून ठेवली. मागच्या ब्रेकच्या चकतीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, कारण चकतीला तेलाचा थेंब लागला तर ब्रेक लागत नाही. मग जुना दातांचा ब्रश, डिझेल, नंतर भांड्याच्या साबणाचं पाणी. आधी काळं निघालं, ते दिरांचं. त्याखाली तांबूस गंज निघाला, तो पावसाचा. आणि त्याखाली, कड्यांच्या कोपऱ्यात, राखाडी मेणाचे कण होते. तिथे मी थोडा वेळ थांबले. मग तेही ब्रशने काढलं. फडक्याला पुसलं. फडकं टाकून दिलं.

चेन पूर्ण वाळल्यावर पावसाळी तेल घेतलं. प्रत्येक कडीला आतल्या बाजूने एकच थेंब. पायडल उलटं फिरवलं, तेल मुरू दिलं आणि बाहेर दिसेल तेवढं सगळं पुसून घेतलं. तेल आत हवं, बाहेर नको. बाहेरचं फक्त चिखल बोलावतं. गणपतीपर्यंत हेच केलं, मोठी झड होऊन गेली की पुसायचं आणि थेंब थेंब घालायचं.

गणपतीला दीर मोदक घेऊन आले. पार्किंगमधूनच हाक आली, "किल्ली द्या बघू!" बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मोटर बंद करून पाय मारत परत आले.

"आवाजच न्हाय की वो!"

"मग, विकायची?"

"कोण म्हणालं विकायची?" दीर म्हणाले, आणि सीटची उंची आपल्याला कमी पडते म्हणून तक्रार करत वर मोदक खायला गेले.

सायकल माझ्याकडे आहे. मी तिच्यावरून रोज कामाला जाते. चेनवरचं तेल मी घातलेलं आहे.