अंबाबाईनं मुद्दाम हरणं सोडलं

घोटावड्याच्या अंबाबाईचा जन्म शेळ्यांमागं गेला, पण सगळ्यात अवघड काम तिच्या वाट्याला आलं ते साठीत. सहा वर्षांच्या नातीला हरायला शिकवायचं.

तसा गुन्हा तिचाच. मुलगा दत्ता आणि सून दोघं कारखान्यात, म्हणून करिष्मा दिवसभर आजीजवळ. अंबाबाईनं ओट्यावर कोळशानं पट आखून तिला वाघ-बकरी शिकवली. मोठे खडे वाघ, चिंचोके बकऱ्या. वाघानं पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की मधली बकरी खाल्ली, बकऱ्यांनी वाघाला कोंडलं की वाघ हरला. पोरीचं तोंड पडू नये म्हणून म्हातारी रोज मुद्दाम बकऱ्या वाघापुढं टाकायची. वर्षभर करिष्मा जिंकतच राहिली. लाड करावेत, पण किती?

मग एका रविवारी शेजारच्या रेश्माची लेक मृण्मयी खेळायला आली. आसपास करिष्माच्या वयाची तेवढी एकच. मृण्मयीनं वाघ कोंडला आणि करिष्मानं वाघच उचलून तिच्या कपाळावर हाणला. टेंगूळ आलं. रेश्मा शांतपणे म्हणाली, "मावशी, एवढ्या बारीला ऱ्हाऊ द्या. पण परत असं झालं तर मी न्हाई पाठवायची तिला."

हे ऐकून अंबाबाईला घोर लागला. पोर एकटी पडली तर? पुढचा रविवार सात दिवसांवर होता.

सोमवारी ती पहिल्यांदा खरी खेळली आणि जिंकली. करिष्मानं चिंचोके अंगणभर भिरकावले, जेवण टाकलं. "तू वाईट हायेस आजे," म्हणाली. अंबाबाईनंही ताट तसंच सरकवलं.

मंगळवारी तिनं पट पुसून लहानसा आखला. घरं नऊच. एकच वाघ, सहा बकऱ्या. तीन खाल्ल्या की वाघ जिंकला. पाच मिनिटांत डाव संपायचा, म्हणजे हरण्याचं दुःखही पाच मिनिटांचं. चोरून हरणं बंद. सवलत द्यायची तर तोंडावर सांगून. "मी मोठी हाय, म्हणून माजी एक बकरी कमी. पर खेळणार खरं."

आणि एक नवा नियम. हरेल त्यानं शेळीसारखं ओरडायचं. गोठ्यातली शेळी उलटून ओरडली तर हरणाऱ्यानं पुढच्या डावात वाघ का बकऱ्या ते निवडायचं. पहिली हरली अंबाबाई, खरोखरची. "हरले की गं बाई," म्हणत तिनं असा काही आवाज काढला की गोठ्यातल्या दहाही शेळ्या एकदम ओरडल्या. करिष्मा हसून हसून ओट्यावर लोळली. पुढचा डाव ती हरली तेव्हा ओठ थरथरले खरे, पण ओरडली. बारीक आवाजात.

बुधवार, गुरुवार बरे गेले. शुक्रवारी ओळीनं तीन डाव हरल्यावर पोरीनं पटावर पाणी ओतलं. अंबाबाई तिला रागं भरली नाही. "दमलीस. तिसरा डाव खेळायलाच नको व्हता, माजंच चुकलं," एवढंच म्हणाली. पण मनातून पार खचली. चार दिवसांत कुठं वर्षाचा लाड निघतो?

रविवारी मृण्मयी आली. करिष्मानं तिला छोटा पट दाखवला, सगळे नियम सांगितले. अंबाबाई तांदूळ निवडत बसली, पण एकही खडा तिला दिसत नव्हता. मध्ये बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते पाळताना जीव जात होता.

पहिला डाव करिष्मानं जिंकला. दुसऱ्यात मृण्मयीच्या बकऱ्यांनी वाघ कोपऱ्यात कोंडला. करिष्मानं वाघाचा खडा उचलला. मुठीत आवळला. अंबाबाईच्या हातातलं सूप कलंडलं.

खडा पटावर परत आला, पण करिष्माला रडू फुटलं. शेळीसारखं ओरडायला गेली तर हुंदकाच निघाला. नेमकी तेव्हाच रेश्मा लेकीला न्यायला अंगणात आली. रडणं ऐकून तिचा चेहरा उतरला. "झालं ना परत? चल मृण्मयी, ऊठ."

अंबाबाई सूप बाजूला सारून उठायला गेली.

करिष्मानं फ्रॉकनं नाक पुसलं. "काकू, ती न्हाई रडत. मी रडतीय. मी हरलीय," ती म्हणाली. "तिला नेऊ नका ना. मी रडत रडत खेळते."

रेश्मानं अंबाबाईकडं पाहिलं. अंबाबाईनं डोळ्याला पदर लावला होता. चपला काढून रेश्मा ओट्याच्या कडेला टेकली आणि पुढचा डाव संपायची वाट बघत बसली.