ओटीतलं बी

सोलापुरात शहर संपून मळे सुरू होत, तिथे आमची विहीर आणि चार एकर बागायत होती. मी लग्न होऊन आले ती धाकटी सून म्हणून. सासूबाई आधीच गेलेल्या होत्या, त्यामुळे घरचं बी-बियाणं थोरल्या जाऊबाईंच्या हातात होतं. त्यांचं माहेर दुधनीकडचं. निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. मी त्यांना अक्का म्हणायची, त्या मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. मला सख्खी बहीण नव्हती. म्हणून असेल, त्या हाकेवर मी भाळले ती भाळलेच.

बी कसं धरायचं ते मला अक्कांनी शिकवलं. मळ्यातल्या सगळ्यांत जोमाच्या झाडांना त्या तांबडी चिंधी बांधत. चिंधीच्या झाडाचं फळ तोडायची कुणाची छाती नव्हती. एकदा दिरांनी तोडलं तर त्यांना दोन दिवस कालवण मिळालं नाही. भेंडी झाडावरच वाळू द्यायची, शिरांवर तडकायला लागली की काढायची. मिरची पूर्ण लाल झालेली घ्यायची, सावलीत सुकवायची. लवंगी मात्र लांबच्या बांधाला लावायची, साध्या मिरचीजवळ लावली की पुढच्या वर्षी दोन्हींचं बी बिघडतं.

खरी कसोटी वेलवांग्याची. टोमॅटोला तेव्हा आमच्याकडे वेलवांगं म्हणत. जुनी माणसं तोंडाला लावत नसत, पण रेल्वेच्या बंगल्यांतले खानसामे मंडईत आमच्या पाट्या उतरायच्या आधीच येऊन उभे राहत. आमच्या वाणासारखं गोल, जाड सालीचं फळ आसपास कुणाकडे नव्हतं.

पिकून मऊ झालेली फळं अक्का आडवी कापत आणि बियांसकट गर मडक्यात पिळून घेत. तोंडाला फडकं बांधून मडकं सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काडीने ढवळायचं. दोन-तीन दिवसांत वर पांढरी साय धरे आणि असा वास सुटे की पुरुषमाणसं जेवायला ओसरीवर जाऊन बसत. बियांभोवतीचं बुळबुळीत वेष्टण त्या आंबण्यानेच सुटतं. फार दिवस ठेवलं तर बी मडक्यातच मोड काढतं. माझ्या हातून एकदा तसं झालं. अक्का रागावतील म्हणून मी रडवेली झाले, तर त्या पोट धरून हसल्या. "तंगी, मडक्यात मळा लावलास की गं!"

मग मडक्यात पाणी ओतायचं, ढवळायचं. भरलेलं बी तळाला बसतं. पोकळ बी आणि चोथा वर तरंगतो, तो ओतून द्यायचा. खालचं बी स्वच्छ धुऊन पितळी ताटाच्या पाठीवर सावलीत पसरायचं. कापडावर नाही, कापडाला चिकटून बसतं. अधूनमधून हाताने मोकळं करायचं आणि खडखडीत वाळलं की राखेत मिसळून ठेवायचं.

आणखी एक रीत त्यांनीच सांगितली होती. "ओटीत घातलेलं बी पाण्यात टाकून बघायचं न्हाय. देणारीचा हात खोटा ठरतो. लई वाईट असतंय ते." मी ती रीत देवाच्या आज्ञेसारखी मानली.

एका वर्षी दोघा भावांचं बिनसलं आणि पाडव्याला वेगळं व्हायचं ठरलं. त्याआधी माघात आम्ही शेवटचं बी एकत्र धरलं. त्या दिवशी अक्कांनी वरचं पाणी ओतून दिलं नाही. फडक्यातून गाळलं आणि फडक्यावर राहिलेलं बी दुसऱ्या ताटावर वाळत घातलं.

"हे पोकळ कशाला वाळवता?" मी विचारलं.

"चिमण्यांना टाकीन की. त्यांनी काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या.

मला त्यांच्या मायेचं कौतुक वाटलं. इतकी मी शहाणी!

वाटणीच्या दिवशी पुरुषांनी बैल, मोट, वाफे वाटून घेतले. मला त्यातलं काही नको होतं. आम्हाला मुरमाड निम्मा मळा आला होता आणि त्या वेलवांग्याच्या बियावरच आमचं वर्ष उभं राहणार होतं. अक्कांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ-नारळाबरोबर तीन पुरचुंड्या घातल्या. भेंडी, मिरची, वेलवांगं. तिसरी हाताला हलकी लागली. चांगलं वाळलंय, असं मी मनात म्हटलं. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. माझं रडणं तरी खरं होतं.

भेंडी दाण्याला दाणा उगवली. मिरचीही उत्तम. श्रावण सरता सरता मी वेलवांग्याचा वाफा टाकला, जवळजवळ सगळं बी पेरलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. वाफ्यात गवत तेवढं आलं. मी पाण्याला दोष दिला, मुंग्यांना दिला, स्वतःच्या हाताला दिला. बांधापलीकडे अक्कांचा वाफा हिरवागार झाला होता.

पुरचुंडीच्या तळाशी चिमूटभर बी उरलं होतं. रीत मोडून मी ते वाटीतल्या पाण्यात टाकलं. कोरडं बी आधी तरंगतंच, म्हणून ढवळलं आणि संध्याकाळपर्यंत थांबले. एक दाणा खाली गेला नाही. नखाने दाणे दाबले तर नुसती टरफलं. तेव्हा मला दुसरं ताट आठवलं. पाडव्याच्या आधी कितीतरी दिवस त्यांनी हे ठरवलं होतं आणि ठरवून रोज माझी वेणी घातली होती. भेंडी-मिरची खरी दिली ती मला संशय येऊ नये म्हणून. वाफा गेला त्याचं दुःख झालंच, पण तंगी म्हणणाऱ्या बाईने हे केलं, त्याने मी आतून फाटले.

भांडायला गेले नाही. म्हणणार काय? ओटीचं बी तपासलं म्हणून मीच खोटी पडले असते. ते वर्ष आम्ही भेंडी-मिरचीवर ओढलं. पण बी लपवलं तरी फळ विकावंच लागतं. हिवाळ्यात मी शेजारणीला मंडईत पाठवून अक्कांच्याच पाटीतली पाच पिकलेली वेलवांगी विकत आणवली आणि माझ्या मडक्यात आंबवली.

चार-पाच वर्षांनी अक्कांच्या मळ्यात मर रोग आला. उभी झाडं माना टाकून गेली, बियाचं एक फळ हाती लागलं नाही. एका दुपारी त्या माझ्या ओसरीवर आल्या. केस पिकले होते.

"तंगी, वेलवांग्याचं बी हाय का गं?"

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण मी उठले, तळाला बसलेल्या बियांतलं ओंजळभर काढलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली. आता तरी काही बोलतील, निदान मान खाली घालतील, असं मला वाटलं.

त्यांनी पुरचुंडी हातात तोलली. मग माझ्याच ओसरीवरचा तांब्या घेतला, वाटीत पाणी ओतलं, माझ्यादेखत चिमूटभर बी त्यात टाकलं आणि बोटाने ढवळून वाट बघत बसल्या.

बी एकेक करून तळाला गेलं. शेवटचा दाणा बसेपर्यंत त्यांनी वाटीवरची नजर काढली नाही. मग पुरचुंडी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "चांगलं हाय."