गळलेलं अक्षर

मार्केट यार्डात पहाटेचे फळांचे सौदे उरकून खुशनुमा बागवान चाळिसाव्या वर्षी बी.कॉम.च्या वर्गात बसायची. परीक्षेच्या तोंडावर मिळालेल्या हॉलतिकिटावर तिच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर गळलं होतं. तिने परीक्षा नियंत्रकांच्या नावे दुरुस्तीचा अर्ज लिहिला, दहावीचं प्रमाणपत्र जोडलं आणि कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर दिला.

लिपिक म्हणाला, "दोन्ही नावं तुमचीच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करून आणा."

"ती दुसरी बाई तुम्ही जन्माला घातलीत. तिची शपथ मी का घेऊ? माझा परीक्षा फॉर्म काढून बघा."

आवाज ऐकून नियंत्रक मॅडमनी फॉर्म मागवला. त्यावर नाव बरोबर होतं. संध्याकाळी नवं हॉलतिकीट मिळालं.

निकालाच्या दिवशी त्याच लिपिकाने तिला नाव विचारलं नाही. प्रथम श्रेणीची गुणपत्रिका पुढे केली.