डाव्या हातातली किटली

माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, एकोणीस वर्षं घरोघर दूध घालतात. आमच्या ह्यांचं दुधाचं दुकान. तिथून दहा लिटरची किटली भरून घ्यायची आणि समोरच्या चार मजली इमारतींचे जिने चढायचे, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "माझा संसार जिन्यावर आहे."

किटली कायम डाव्या हातात. उजवा हात कठडा धरायला आणि घंटी वाजवायला मोकळा हवा ना! त्यात गैर काही आहे, असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही.

या वर्षी वन्संची उजवी कूस दुखायला लागली. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर टेकल्याशिवाय पुढे जाववेना. दूध उशिरा येतं म्हणून गिऱ्हाइकांचे निरोप येऊ लागले. हे बहिणीला म्हणाले, "किटली डावीकडे आणि दुखणं उजवीकडे? कंटाळा आलाय म्हण की सरळ." वर सांगून टाकलं, की दीड महिना वाट बघतो, नाहीतर रतीब सायकलवाल्याकडे देतो. वन्सं दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, "वहिनी, घरी बसले तर मी वाळून जाईन."

देवाला नमस्कार करून मी त्यांना किटलीसकट दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथली मुलगी आमच्या मुलीच्या वयाची. तिने किटलीत पाणी भरून वन्संना चालायला लावलं आणि हसली. "मावशी, तुम्ही उजवीकडे कलंडून चालता." मग त्यांची उजव्या हाताची बोटं त्यांच्याच उजव्या कुशीवर ठेवली. किटली जमिनीवर होती तेव्हा कूस मऊ. डाव्या हातात उचलून ताठ उभ्या राहिल्या, तशी पाटासारखी टणक.

"किटली तुम्हाला डावीकडे वाकवायला बघते," ती म्हणाली. "उजवीकडचे स्नायू ओढून धरतात, म्हणून तुम्ही वाकत नाही. एकोणीस वर्षं ही एकच बाजू राबतेय. थकली की तुम्ही उजवीकडे झुकता, म्हणजे अंगाचं वजन त्या बाजूला जातं आणि तिचं काम तेवढं हलकं होतं."

तेच दूध निम्मं निम्मं दोन्ही हातांत घेतलं तर दोन्हीकडची ओढ सारखी होते, कंबरेला फार सोपं जातं, असंही तिने समजावलं. वन्सं म्हणाल्या, "आणि घंटी काय नाकाने वाजवू?" शेवटी ठरलं ते असं: सपाटीवर दोन हातांत दोन किटल्या, जिन्यावर एकच, पण हात बदलून. आणि रोज सरावाला थोडं पाणी भरून, न झुकता, वीस पावलं; दुखलं तर थांबायचं.

आमच्या बोळात सराव सुरू झाला. रतीब तेवढ्यापुरता पाच-पाच लिटरच्या दोन खेपांत उरकायचा. उजव्या हातात किटली घेतली की डावी कूस थरथरायची. तिला या कामाची सवयच नव्हती. पाणी सांडायचं. वन्सं फरशी पुसायच्या आणि पुन्हा उचलायच्या. मी पूजा करता करता भिंतीवरच्या त्यांच्या सावलीकडे बघत असे: खांदे एका पातळीत दिसतात का? नसले तर घंटा वाजवायची. आठवड्याला दोन-दोन लिटर वाढवलं. चौथ्या आठवड्यात कुशीतल्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं. हे म्हणाले, "बघ, सांगत होतो." वन्संनी दोन लिटर कमी केलं, सराव सोडला नाही.

दीड महिना संपला त्या सकाळी दहा लिटर भरलं. हे मागोमाग निघाले, मीही गेले. प्रत्येक वळणावर वन्सं हात बदलत होत्या. तिसऱ्या मजल्यावर थांबल्या. ह्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, झालं आता.

"बसतेस का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. तू धर ही. डाव्या हातात. ताठ उभा राहा, झुकू नकोस."

ह्यांनी धरली. वन्संनी त्यांच्या उजव्या कुशीत बोट रोवलं. "काय टणक लागतंय रे हे? डावीकडे तर काहीच नाही."

हे स्वतःच चाचपून बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "आम्हाला काय माहीत, बाई."

"मलाही नव्हतं," वन्सं म्हणाल्या आणि उजव्या हातात किटली घेऊन चौथा मजला चढल्या, खांदे एका पातळीत ठेवून. दारं उघडली, दूध घातलं गेलं, टेकायला पायरी लागली नाही.

खाली आल्यावर ह्यांनी सायकलवाल्याला निरोप धाडला की मागच्या गल्लीतलं बघ, इथलं राहू दे. तोवर वन्संनी दुसऱ्या इमारतीसाठी दोन छोट्या किटल्या पुढे सरकवल्या होत्या. "भर पटकन," त्या भावाला म्हणाल्या, "लोक चहाला खोळंबलेत."