तिसरं वाक्य

माझे धाकटे दीर शिकवताना डस्टर फेकून मारायचे. नेम असा की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याच्या कपाळावर बरोबर पांढरा चौकोन उमटायचा. पोरं त्यांना ‘डस्टर सर’ म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकदा एका पोराच्या कानाखाली अशी वाजवली की बिचाऱ्याला आठवडाभर एका कानाने ऐकू येईना. त्याचा बाप भांडायला आला, तर भावोजींनी त्यालाच फळ्यासमोर उभं केलं आणि गणित घातलं. तो बाप मुकाट्याने निघून गेला.

मारकुटेपणा आमच्या घरातच होता. सासरे बोलायच्या आधी हात उचलायचे. माझ्या नवऱ्याने मार खाऊन गप्प बसायचं शिकून घेतलं आणि या धाकट्याने मारायचं. लग्न काही केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “वहिनी, माझ्या रागाला एक क्लास पुरतो. घरात आणखी कुणाला कशाला?” हे मात्र शहाणपणाचं बोलले, एवढं मला मान्य आहे.

क्लास वेल्डिंगच्या दुकानावर होता. खाली ठिणग्या आणि ठोकाठोकी, वर हे ओरडतायत. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी ते करून घेत आणि त्यातही वाक्यांची सांकेतिक भाषा हा त्यांचा जीव की प्राण. चार शब्दांचं वाक्य, त्याला चार संकेत, पण उलटसुलट क्रमाने. दोन वाक्यं शेजारी ठेवायची. दोन्हींत एकच शब्द सारखा असेल, तर दोन्हींत सारखा असलेला संकेत त्याचाच. हे सांगताना त्यांचा चेहरा कधी नव्हे तो मऊ व्हायचा. “क्रमाला भुलू नका,” म्हणायचे, “पहिला शब्द म्हणजे पहिला संकेत असं धरणारा गाढव.”

मी दुकानामागच्या आमच्या घरातून वर चहा पाठवायची आणि फी घ्यायची, म्हणून हे सगळं मलाही पाठ झालं होतं.

माझा थोरला मुलगा त्यांच्याच क्लासला होता. गेल्या भरतीत मैदानी चाचणीत पहिला आला आणि लेखीत आपटला. या वेळी घासून घासून तयारी केली होती. पुढच्या भरतीनंतर वय निघून जाणार, म्हणजे फार तर आणखी एकच संधी. माझा सगळा जीव त्या वर्दीत अडकला होता, ते कशाला लपवू?

सकाळी उत्तरतालिका लागली. थोरला पात्रतेच्या गुणांपासून एका गुणाने मागे होता. त्याच्यासारखे क्लासचे आणखी बरेच जण. दुपारपर्यंत सगळे जिना चढून वर आले, कुणी शिव्या देत, कुणी नुसतेच लाल डोळ्यांनी. सगळ्यांचा एकच प्रश्न चुकला होता, गाडीचा संकेत कोणता. सगळ्यांनी ‘ठरवता येत नाही’ हे लिहिलं होतं आणि तालिकेत होतं ‘का’.

“सर, हरकत घ्यायची,” एक दांडगा म्हणाला. “संध्याकाळपर्यंत मुदत आहे. तुमची तज्ज्ञ म्हणून सही पाहिजे. प्रश्न रद्द झाला की सगळ्यांना गुण.”

मी चहा घेऊन वर आले होते, मीही मध्ये पडले. “भावोजी, करून टाका सही. एका सहीने कुणाचं काय जातंय?”

त्यांनी खडू घेतला आणि तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली.

लाल गाडी पुढे धावते : मू का टी ने
गाडी लाल दिव्यावर थांबते : टी लो का पा
लाल फूल लवकर सुकते : हा रू टी झे

“पहिल्या दोन वाक्यांत सारखे शब्द कोणते?”

“लाल आणि गाडी,” पोरं म्हणाली.

“संकेत?”

“का आणि टी. म्हणून तर ठरत नाही ना! कुठला कुणाचा?”

“दोन वाक्यांवर नाही ठरत. तिसऱ्यात लाल आहे, गाडी नाही. आणि तिसऱ्यात टी आहे, का नाही. मग लाल म्हणजे टी. उरला का, तो गाडीचा. प्रश्न बरोबर आहे, तालिका बरोबर आहे.” खडू खाली ठेवून ते म्हणाले, “चूक माझी आहे. वेळ वाचवायला मीच तुम्हाला सांगितलं होतं, दोन शब्द आणि दोन संकेत जुळले की ‘ठरवता येत नाही’ ठोका आणि पुढे चला. तिसरं वाक्य बघा हे सांगायला हवं होतं. सही मी करणार नाही.”

खोलीत कुणीतरी बाक लाथाडला. तिथून सगळं सुटलं. कुणी ट्यूबलाइट फोडली, काचा बाकांवर सांडल्या. एकाने त्यांची कॉलर धरून फळ्यावर डोकं आपटलं. भावोजी काही गरीब गाय नव्हेत. त्यांनी त्याच्या नाकावर ठोसा दिला, रक्त आलं, दुसऱ्याला पोटात लाथ घातली. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग तिघे त्यांच्यावर बसले आणि बाकीचे लाथा घालू लागले. खालून वेल्डर लोखंडी पाइप घेऊन वर धावला तेव्हा पोरं मागे सरली. भावोजी भिंतीला धरून उठत होते, एक हात जमिनीवर टेकलेला.

तेवढ्यात माझा थोरला पुढे आला. लोखंडी घडीची खुर्ची त्याच्या हातात होती. मला वाटलं काकांना बसायला देतोय. खरंच तसं वाटलं. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्या टेकलेल्या हातावर घातली. एकदा, आणि परत एकदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भावोजी ओरडले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

वेल्डरने पोलिसांना बोलावलं. तोवर पोरं पांगली, थोरला मात्र तिथेच भिंतीशी उभा होता. हवालदार आला. भावोजींचा उजवा हात मनगटापासून वाकडा लोंबत होता, मी पदराने बांधला होता.

“हाताला कुणी मारलं?”

“फळा पडला अंगावर,” भावोजी म्हणाले.

हवालदाराने फळ्याकडे बघितलं. तो भिंतीवर जिथल्या तिथे होता.

“ओळखीचं होतं का कुणी?”

“नाही.”

एका गुणासाठी खोटी सही न करणारा माणूस माझ्या पोरासाठी धडधडीत खोटं बोलत होता. थोरल्याने माझ्याकडे बघितलं. गुन्हा दाखल झाला की भरती संपली, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी गप्प राहिले असते तर वर्दी वाचली असती. मला हेच हवं होतं, एवढी वर्षं हेच हवं होतं. पण खाली पडलेल्या माणसावर खुर्ची घालणाऱ्या या हातात आम्ही उद्या सरकारी काठी द्यायला निघालो होतो. माझा संताप झाला, त्याच्यावर, या दिरावर आणि स्वतःवरही.

“ते खोटं बोलतायत,” मी हवालदाराला म्हणाले. “माझ्या मुलाने मारलं. हाच तो.”

“वहिनी!” भावोजी किंचाळले. हात मोडताना ओरडले नव्हते ते. “वहिनी, त्याची अजून एक संधी बाकी आहे!”

थोरला “आई” एवढंच म्हणाला.

हवालदाराने पेन काढलं आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं. भावोजी सांगेनात, थोरलाही सांगेना. मग ते मीच सांगितलं.