तिफणीचं चाक आणि गावाचा महजर

उमरग्याजवळच्या खेड्यात विज्ञानाचा मास्तर म्हणून माझी बदली झाली, तेव्हा संध्याकाळी सोबतीला खोलीतला स्टोव्ह तेवढा होता. पुण्याकडचा म्हणून गाव मला मान द्यायचं आणि चार हात लांब राहायचं. तो मान मला नकोसा झाला होता.

एके दिवशी गावचे सुतार आले. त्यांनी पेरणीच्या तिफणीला लाकडी चाक बसवलं होतं. तिफण चालली की चाक फिरायचं आणि बी मोजकं पडायचं. बी अडकलं, तर बांबूची पट्टी वाकून चाक सोडवायची.

"सोलापूरचे कारखानेवाले मिस्त्री म्हणून बोलवायलेत," ते म्हणाले. "पण पेटंट माझ्या नावचं झालं, तर कारखाना माझाच की! विंग्रजीत लिव्हून द्या, गुरुजी."

मी पेटंटच्या नियमांचं पुस्तक मागवलं आणि पहिल्याच दिवशी त्यात वाचलं: अर्जाआधी वस्तू लोकांच्या उघड वापरात असेल, तर ती नवी धरत नाहीत. ती तिफण तर दोन हंगाम गावभर फिरलेली! हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते गिळलं. सांगितलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशी आले नसते.

पुढं वर्षभर ते रोज आले. त्यांनी सोलापूरला नकार कळवला, आम्ही अर्ज पाठवला. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीचं पहिलं पत्र आलं: पेरायची पद्धत हे शेतीकाम आहे, त्यावर पेटंट मिळत नाही, बी टाकणारं चाक परदेशात पूर्वीच निघालंय, त्यात तुमच्या डोक्यातलं काय? आम्ही पद्धत खोडली आणि हक्क फक्त बांबूच्या पट्टीवर मागितला. ती कुणालाच सुचली नव्हती, आणि मला खरंच तिचा अभिमान वाटत होता.

"कामाची हाय हे गावानं सांगाया नको व्हय?" सुतार म्हणाले. निजामाच्या काळात अर्जासोबत गावाच्या सह्यांचा महजर जोडला की वजन पडायचं. आम्ही घरोघर फिरलो. लोकांनी मला पहिल्यांदा आत बोलावलं, चहा पाजला. 'दोन वर्षं आम्ही सर्व हीच तिफण वापरतो,' असं मीच लिहिलं आणि खाली अंगठे घेतले. माझ्या तिथल्या नोकरीतले तेच सुखाचे दिवस.

शेवटच्या पत्रात कचेरीनं महजरातलं तेच वाक्य दाखवून अर्ज नाकारला. सोलापूरची जागा तोवर भरली होती.

मी पत्राचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "तुमी तर लई केलं, गुरुजी. तुमाला तरी काय म्हाईत!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्टूल करून आणलं. खोलीत एकच खुर्ची होती, आलेल्या माणसानं बसायचं कुठं, म्हणून. मी त्यांना त्यावर बसवलं, चहा दिला, आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही.