एका पानात मावलेली मुलगी

बाई अकरा वर्षं कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर संख्याशास्त्र शिकवत होत्या. कायम जागेच्या अर्जासोबत आपण कसं आणि का शिकवतो, हे एका पानात लिहून द्यायचं होतं. त्यांची फाईल होती एकशे चाळीस पानांची.

"सगळं कोंबू नका," विभागप्रमुख म्हणाले. "एकच गोष्ट धरा आणि तिचा पुरावा द्या."

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांत कौतुकाला तोटा नव्हता. पण एका जुन्या कागदावर बाई अडखळल्या. 'काही कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते.' नाव नव्हतं, पण अक्षर ओळखीचं होतं, वर्गातल्या एका मुलीचं. त्या मुलीने त्याच वर्षी शिक्षण सोडलं होतं. तेव्हापासून बाई तासाच्या शेवटी प्रत्येकाकडून न कळलेलं चिठ्ठीवर लिहून घेत आणि पुढचा तास तिथूनच सुरू करत. नापासांची संख्या निम्म्यावर आली होती.

पानावर एवढंच राहिलं. बक्षिसं, शिबिरं सगळं गळलं.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "ती मुलगी आता काय करते?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी कधी चौकशीच केली नाही."

जागा त्यांना मिळाली. अभिनंदनाला बहिणीचा फोन आला, तेव्हा बाई कॉलेजच्या जुन्या नोंदींत त्या मुलीचा पत्ता शोधत होत्या.